दोन्ही वेळा शून्यच का आलं? एका चुकलेल्या गणितातून उलगडलेलं कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन

रविवारी संध्याकाळी भाचीने वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि मी गणित शिकवतो, त्यामुळे असे फोटो अधूनमधून येत असतात. पानावर गणित नीटनेटकं सोडवलेलं होतं आणि शेवटच्या दोन ओळींखाली पेन्सिलीने दोनदा रेघ ओढलेली होती. खाली प्रश्न होता, "मामा, दोन्ही वेळा शून्यच येतंय. हे उत्तर चालतं का?"

गणित होतं या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू आणि आयगेनव्हेक्टर काढण्याचं:

```
A = | 4  1 |
    | 2  3 |
```

तिने कर्णावरच्या संख्यांमधून λ वजा केला होता, मग त्या दोन कंसांचा गुणाकार शून्याबरोबर मांडला होता:

```
(4 - λ)(3 - λ) = 0
λ = 4,  λ = 3
```

त्यानंतर λ = 3 घेऊन समीकरणं लिहिली होती: x + y = 0 आणि 2x = 0. दुसऱ्यातून x शून्य, म्हणून पहिल्यातून y पण शून्य. λ = 4 घेतल्यावर पहिलंच समीकरण y = 0 असं आलं, दुसरं 2x − y = 0, म्हणजे परत दोन्ही शून्य. दोन आयगेनव्हॅल्यू, दोन्हींचा आयगेनव्हेक्टर (0, 0).

चूक कुठे आहे ते एका वाक्यात सांगता आलं असतं: निश्चयक काढताना दुसऱ्या कर्णाचा गुणाकार, 1 × 2, वजा करायचा राहिला. पण तेवढंच सांगितलं असतं तर तिने ते "पायरी विसरले" म्हणून दुरुस्त केलं असतं आणि पान उलटलं असतं. मला त्या शून्यांमध्ये जास्त रस होता. ती शून्यं चुकीचं उत्तर नव्हती, तिने विचारलेल्या प्रश्नाचं ते अगदी बरोबर उत्तर होतं. λ = 3 ही या मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू आहे का, असं तिने नकळत समीकरणांना विचारलं होतं आणि समीकरणं "नाही" म्हणत होती. कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन का मांडायचं, याचं कारण या "नाही"मध्ये दडलेलं आहे. म्हणून मी तिला फोन केला आणि आलेखाचा कागद घेऊन बसायला सांगितलं.

पहिलं काम λ, निश्चयक वगैरे बाजूला ठेवून हे मॅट्रिक्स बिंदूंचं काय करतं ते पाहण्याचं. आरंभबिंदूपासून (1, 0) पर्यंत एक बाण काढायचा. मॅट्रिक्सने गुणल्यावर तो (4, 2) वर जातो. म्हणजे आडवा असलेला बाण लांब झाला आणि वर कलला. (0, 1) चा (1, 3) होतो, म्हणजे उभा बाण उजवीकडे झुकला. (1, 2) चा (6, 8) होतो. (2, 1) चा (9, 7). प्रत्येक वेळी बाणाची लांबी बदलते आणि दिशाही बदलते. अशी चार-पाच टोकं झाल्यावर तिला (1, 1) घ्यायला सांगितलं. उत्तर आलं (5, 5).

ती क्षणभर थांबली. नवा बाण जुन्याच रेषेवर पडला होता. लांबी पाचपट झाली, पण तो वळला नाही.

आयगेनव्हेक्टर म्हणजे नेमका हाच. मॅट्रिक्स बाकीच्या सगळ्या बाणांना वळवतं, पण काही मोजक्या दिशा अशा असतात की त्यांच्यावरचा बाण त्याच रेषेवर राहतो, फक्त ताणला किंवा आखडला जातो. किती पट ताणला, तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू. जर्मन भाषेत 'आयगेन' म्हणजे 'स्वतःचा', आणि हिल्बर्टने १९०४ साली हा शब्द या अर्थाने वापरला तेव्हापासून तो रुळला. मॅट्रिक्सची स्वतःची दिशा, असा साधा अर्थ घेतला तरी चालतो. लिहिताना ते असं लिहितात:

```
A v = λ v
```

डाव्या बाजूला मॅट्रिक्सने केलेलं सगळं काम, उजव्या बाजूला नुसता एका संख्येने गुणाकार. या दोन गोष्टी एखाद्या v साठी सारख्याच ठरतात का, हा प्रश्न आहे.

इथे एक अट सुरुवातीलाच घालून ठेवावी लागते: v हा शून्य व्हेक्टर नसावा. भाचीचा पहिला प्रश्न याच अटीला धडकतो. (0, 0) ला कोणत्याही मॅट्रिक्सने गुणलं तरी (0, 0) च येतं, आणि (0, 0) ला 3 ने गुणा, 4 ने गुणा, 1000 ने गुणा, तरी (0, 0). तो चालवून घेतला तर जगातली प्रत्येक संख्या प्रत्येक मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू ठरेल आणि शब्दाला काही अर्थच उरणार नाही. शिवाय आपल्याला दिशा हवी आहे, आणि शून्य व्हेक्टरला दिशाच नाही. म्हणून "चालतं का?" याचं उत्तर "नाही" असं आहे.

आता खरा मुद्दा. (1, 1) आपल्याला चाचपडत सापडला. न चाचपडता कसा सापडेल?

Av = λv हे सुटं करून लिहिलं की दोन समीकरणं मिळतात:

```
4x +  y = λx
2x + 3y = λy
```

यात अज्ञात तीन आहेत, x, y आणि λ, आणि समीकरणं दोन. त्यातही λ आणि x यांचा गुणाकार आलाय, λ आणि y यांचाही आलाय, म्हणजे ही दहावीतली सरळ एकसामयिक समीकरणं नाहीत. तिन्ही एकदम शोधायला गेलं तर गुंता होतो. इथली युक्ती अशी की x आणि y तूर्त विसरायचे आणि आधी विचारायचं: λ ची किंमत काय असेल, तर शून्य सोडून एखादं उत्तर अस्तित्वात असू शकेल? उत्तर कोणतं ते नंतर बघू. असण्याची शक्यता तरी आहे का, एवढंच आधी ठरवू.

सगळं एका बाजूला आणलं की:

```
(4 - λ)x +       y  = 0
   2x    + (3 - λ)y = 0
```

ही पायरी वर्गात इतकी पटकन होते की तिच्यात काय घडलं ते निसटतं. A मधून नुसती संख्या λ वजा करता येत नाही, कारण एक मॅट्रिक्स आहे आणि दुसरी संख्या. म्हणून λx आणि λy यांना λ गुणिले एकक मॅट्रिक्स, λI, अशा रूपात लिहितात, आणि मग (A − λI)v = 0 असं म्हणता येतं. λ फक्त कर्णावरच का वजा होतो, याचं कारण समीकरणांमध्ये डोळ्यांना दिसतं: पहिल्या ओळीत उजवीकडे λ फक्त x जवळ होता, दुसऱ्या ओळीत फक्त y जवळ.

आता या दोन समीकरणांकडे रेषा म्हणून बघायचं. λ ला कुठलीही किंमत दिली की प्रत्येक समीकरण एक सरळ रेषा होतं, आणि उजव्या बाजूला दोन्हीकडे शून्य असल्याने दोन्ही रेषा आरंभबिंदूतून जातात. आरंभबिंदूतून जाणाऱ्या दोन रेषांचं नातं दोनच प्रकारचं असू शकतं. एक तर त्या वेगवेगळ्या आहेत आणि फक्त आरंभबिंदूत छेदतात, किंवा ती दोन्ही समीकरणं एकाच रेषेची आहेत आणि त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू हे उत्तर आहे. समांतर असून कधीच न भेटण्याचा तिसरा प्रकार इथे संभवत नाही, कारण एक बिंदू तर दोघींचा आधीच सामाईक आहे.

पहिल्या प्रकारात एकच उत्तर मिळतं, (0, 0), जे आपण आधीच बाद केलंय. म्हणून आपल्याला λ अशी हवी की दोन्ही रेषा एकमेकींवर पडतील. हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच आहे.

भाचीच्या λ = 3 ला रेषा होत्या x + y = 0 आणि 2x = 0. मी तिला त्या त्याच कागदावर काढायला सांगितल्या. एक डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी, दुसरी म्हणजे खुद्द y-अक्ष. एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या, भेटतात फक्त आरंभबिंदूत. λ = 4 ला y = 0 म्हणजे x-अक्ष, आणि 2x − y = 0 ही चढती रेषा. परत वेगळ्या. शून्य का आलं ते आता तिला कागदावर दिसत होतं.

रेषा एकमेकींवर कधी पडतील? एक चल घालवून बघू, दहावीत करतो तसंच. पहिल्या समीकरणाला (3 − λ) ने गुणायचं आणि त्यातून दुसरं समीकरण वजा करायचं. y चे सहगुणक सारखे झाल्याने y जातो आणि उरतं:

```
[ (4 - λ)(3 - λ) - 1·2 ] x = 0
```

x घालवून y साठी केलं तरी कंसात हेच येतं. आता कंसातली संख्या शून्य नसेल तर x शून्य असण्यावाचून इलाज नाही, y चीही तीच गत, आणि आपण (0, 0) वर अडकतो. सुटकेचा मार्ग एकच: कंस स्वतःच शून्य व्हायला हवा. उलट बाजूही खरी आहे. कंस शून्य झाला तर दोन्ही रेषांचे सहगुणक एकाच प्रमाणात येतात, म्हणजे दोन्ही समीकरणं एकाच रेषेची होतात आणि शून्याखेरीज उत्तरं नक्की मिळतात.

```
(4 - λ)(3 - λ) - 2 = 0
```

हेच कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन. क्रेमरच्या पद्धतीत निश्चयक शून्य आला की आपण थांबायचो, कारण त्याने भागता येत नाही आणि एकमेव उत्तर मिळत नाही. इथे आपल्याला एकमेव उत्तर नकोच आहे, कारण ते एकमेव उत्तर म्हणजे निरुपयोगी शून्य. म्हणून तिथे जी अडचण होती तीच इथे आपण मुद्दाम घडवून आणतो. दहावीत निश्चयक शिकलेल्या मुलांना हा उलटा विचार एकदा नीट पटला की "det(A − λI) = 0 का घ्यायचं?" हा प्रश्न पुन्हा पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

मग −2 तिच्याकडून राहिलाच कसा? मी आधीचं गणित विचारलं. त्यात मॅट्रिक्स असं होतं की खालच्या डाव्या कोपऱ्यात शून्य होता. तिथे दुसऱ्या कर्णाचा गुणाकार शून्यच येतो, त्यामुळे आयगेनव्हॅल्यू म्हणजे सरळ कर्णावरच्या संख्या. तिथे ते बरोबरच आहे. तिने तीच सवय पुढच्या गणितात नेली. ही चूक मी बऱ्याच वह्यांत पाहिली आहे आणि ती बहुतेक वेळा याच क्रमाने होते: आधी त्रिकोणी मॅट्रिक्सचं सोपं उदाहरण, आणि लगेच पूर्ण भरलेलं.

रेषांचं हे चित्र पुरेसं आहे, तरी मी तिला आणखी एक चित्र दाखवलं, कारण निश्चयक हा आकडा प्रत्यक्ष काय मोजतो ते त्यातून कळतं. बाजू 1 असलेला चौरस घ्या, कोपरे (0, 0), (1, 0), (1, 1), (0, 1). एखादं मॅट्रिक्स या चौरसाचा समांतरभुज चौकोन करतं, आणि त्या चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे निश्चयक, चिन्ह सोडून. λ = 3 साठी A − 3I असं होतं:

```
| 1  1 |
| 2  0 |
```

(1, 0) जातो (1, 2) वर, (0, 1) जातो (1, 0) वर. या दोन बाजूंचा समांतरभुज चौकोन काढला तर क्षेत्रफळ 2 भरतं. निश्चयक −2 आहे. ऋण चिन्ह एवढंच सांगतं की चौरस जाता जाता पालथा झाला. महत्त्वाचं हे की चौकोन धडधाकट आहे. त्यात दोन वेगळे बिंदू कधी एकमेकांवर पडत नाहीत, म्हणून आरंभबिंदूवर फक्त आरंभबिंदूच येऊन पोचतो.

आता λ = 5 घेऊ. A − 5I:

```
| -1   1 |
|  2  -2 |
```

(1, 0) जातो (−1, 2) वर, (0, 1) जातो (1, −2) वर, (3, 1) जातो (−2, 4) वर. हे तिन्ही बिंदू कागदावर मांडले की ते एकाच रेषेवर दिसतात. सगळं प्रतल चेपून एका रेषेएवढं झालंय, चौरसाचं क्षेत्रफळ शून्य. आणि एवढं सगळं चेपलं जाताना एक अख्खी रेषा आरंभबिंदूवर येऊन पडते: (1, 1) जातो (0, 0) वर, (2, 2) जातो, (7, 7) पण जातो. A − 5I ज्याला शून्य करतं त्याला A बरोबर पाचपट करतं, कारण Av − 5v = 0 म्हणजे Av = 5v. चेपून नाहीशी झालेली ती रेषाच आयगेनव्हेक्टरची दिशा.

λ शून्यापासून हळूहळू वाढवत नेला तर हे चेपणं घडताना दिसतं. λ ला 0, 1, 2, 3, 4, 5, 6 या किंमती दिल्या की निश्चयक अनुक्रमे 10, 4, 0, −2, −2, 0, 4 येतो. चौकोन आक्रसत जातो, λ = 2 ला सपाट होतो, उलटा होऊन थोडा फुगतो, परत आक्रसत λ = 5 ला सपाट होतो आणि पुन्हा सुलट होऊन उघडतो. तिच्या 3 आणि 4 या किंमती नेमक्या दोन सपाट जागांच्या मधल्या आहेत, म्हणून तिथे शून्याखेरीज काही मिळालं नाही.

उरलेलं काम सरळ आहे. कंस सोडवून वर्गसमीकरण मिळतं:

```
λ² - 7λ + 10 = 0
(λ - 5)(λ - 2) = 0
```

λ = 5 ठेवला की समीकरणं −x + y = 0 आणि 2x − 2y = 0. दुसरं म्हणजे पहिल्याची −2 पट, दोन्हींचा अर्थ y = x. दिशा (1, 1), जी आपल्याला आलेखावर आधीच भेटली होती. λ = 2 ठेवला की दोन्ही ओळींत 2x + y = 0 हेच येतं, म्हणजे y = −2x, दिशा (1, −2). पडताळून पाहायला A ने गुणायचं: 4 − 2 = 2 आणि 2 − 6 = −4, म्हणजे (2, −4), बरोबर दुप्पट.

इथे मुलांची नेहमी एक गफलत होते. दोन समीकरणं आहेत म्हणून ती दोन्ही सोडवून x आणि y च्या ठराविक किंमती काढायला जातात, आणि दोन्ही सारखी निघाली की आपलं काहीतरी चुकलं असं त्यांना वाटतं. खरं तर सारखी निघायलाच हवीत, त्यासाठीच तर λ निवडला. दुसरं समीकरण आता फुकटात मिळालेली तपासणी आहे. ते पहिल्याच्या पटीत आलं तर λ बरोबर. पटीत आलं नाही तर पुढे एक अक्षरही लिहू नये, मागे जाऊन वर्गसमीकरण तपासावं. परीक्षेत हे दहा सेकंदांत कळतं.

भाचीने लगेच दुसरी शंका काढली. पुस्तकाच्या मागे दुसऱ्या आयगेनव्हेक्टरचं उत्तर (−1, 2) असं छापलं होतं, आणि आपलं आलं (1, −2). पण दोन्ही बरोबर आहेत. y = −2x या रेषेवरचा शून्य सोडून कोणताही बिंदू चालतो, (−1, 2), (3, −6), (1/2, −1) सुद्धा. आयगेनव्हेक्टर लिहिताना आपण एका रेषेचा एक प्रतिनिधी निवडतो. उत्तरं जुळतात का हे बघताना आकडे जुळवायचे नाहीत, y भागिले x हे गुणोत्तर जुळवायचं.

आयगेनव्हॅल्यू तपासायची आणखी एक झटपट रीत आहे. वर्गसमीकरणात 7 कुठून आला? 4 + 3, कर्णाची बेरीज. 10 कुठून आला? 4 × 3 − 1 × 2, मूळ मॅट्रिक्सचा निश्चयक. दोन बाय दोनच्या प्रत्येक मॅट्रिक्सला हे लागू आहे. पहिल्या ओळीत a, b आणि दुसरीत c, d असतील तर:

```
λ² - (a + d)λ + (ad - bc) = 0
```

म्हणून दोन आयगेनव्हॅल्यूंची बेरीज कर्णाच्या बेरजेइतकी यायला हवी आणि गुणाकार निश्चयकाइतका. 5 + 2 = 7, 5 × 2 = 10. पण यातली एकच तपासणी करून समाधान मानू नये. भाचीच्या चुकलेल्या उत्तरात 4 + 3 पण 7 च येतात! bc विसरलं तरी बेरजेला काही होत नाही, कारण bc फक्त शेवटच्या पदात असतो. तिची चूक पकडली असती ती गुणाकाराने: 4 × 3 = 12, आणि निश्चयक आहे 10. मुलं बहुतेक वेळा बेरीज तपासून पुढे जातात, कारण ती सोपी असते. दोन्ही तपासाव्यात, आणि एकच तपासायची असेल तर गुणाकार तपासावा.

तिने विचारलं नव्हतं, पण या दोन दिशांचा उपयोग काय ते मी थोडक्यात दाखवलं. (1, 0) या बाणाला A ने पुन्हा पुन्हा गुणलं तर तो (4, 2), (18, 14), (86, 78), (422, 406) असा जातो. आकडे भराभर वाढतात, पण y भागिले x कडे बघा: 0.5, मग सुमारे 0.78, 0.91, 0.96. बाण हळूहळू (1, 1) च्या दिशेकडे झुकतोय. कारण (1, 0) हा दोन आयगेनव्हेक्टरांची बेरीज म्हणून लिहिता येतो, (1, 1) चे दोन तृतीयांश आणि (1, −2) चा एक तृतीयांश. दर वेळी पहिला भाग पाचपट होतो, दुसरा फक्त दुप्पट. चार पायऱ्यांत एक 625 पट, दुसरा 16 पट. दुसऱ्याचा आवाज पहिल्यात बुडून जातो. एकच मॅट्रिक्स वर्षानुवर्षं लागू होत राहतं अशा कोणत्याही हिशोबात, मग तो प्राण्यांच्या संख्येचा असो की पैशाच्या फिरण्याचा, शेवटी कोणतं प्रमाण टिकणार ते मोठी आयगेनव्हॅल्यू ठरवते.

या पद्धतीच्या मर्यादा दोनच सांगतो, कारण दोन बाय दोनमध्ये त्याच आडव्या येतात. वर्गसमीकरणाचा विवेचक सोपा करून लिहिला तर (a − d)² + 4bc असा येतो. तो ऋण असेल तर वास्तव आयगेनव्हॅल्यू मिळत नाहीत. याचं स्वच्छ उदाहरण म्हणजे बाणाला काटकोनात वळवणारं मॅट्रिक्स:

```
| 0  -1 |
| 1   0 |
```

इथे λ² + 1 = 0 येतं. गणित चुकलेलं नाही. हे मॅट्रिक्स प्रत्येक बाणाला पाव फेरा वळवतं, मग न वळणारी दिशा सापडणार तरी कुठून? कॉम्प्लेक्स संख्या घेतल्या तर उत्तरं मिळतात, पण कागदावरची रेषा मिळत नाही. b आणि c सारखे असतील तर मात्र हा धोका नाही, कारण मग विवेचक म्हणजे दोन वर्गांची बेरीज होते आणि ती ऋण होऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा विवेचक शून्य आला तर. पहिल्या ओळीत 3, 1 आणि दुसरीत 0, 3 असं मॅट्रिक्स घ्या. λ दोन्ही वेळा 3 येतो. A − 3I मध्ये फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात 1 उरतो, समीकरण y = 0, म्हणजे दिशा एकच, x-अक्षाची. दुसरी दिशा नाहीच. काही मुलं इथे दोन उत्तरं हवीत म्हणून (1, 0) आणि (2, 0) असे दोन व्हेक्टर लिहितात. ते एकाच रेषेवरचे आहेत. याउलट 3, 0 आणि 0, 3 या मॅट्रिक्समध्येही λ दोनदा 3 च येतो, पण तिथे A − 3I पूर्ण शून्य होतं आणि प्रत्येक दिशा आयगेनव्हेक्टरची ठरते. वर्गसमीकरण दोघांचं अगदी एकच आहे. म्हणून λ पुनःपुन्हा आला तर दिशा किती हे वर्गसमीकरणाला विचारून कळत नाही, A − λI डोळ्यांसमोर मांडावंच लागतं.

रात्री साडेदहाला पुढच्या गणिताचा फोटो आला. मॅट्रिक्सच्या पहिल्या ओळीत 1, 4 आणि दुसरीत 3, 2. तिने समासात आधीच लिहून ठेवलं होतं: बेरीज 3, गुणाकार 2 − 12 = −10. मग λ² − 3λ − 10 = 0, λ = 5 आणि λ = −2. λ = 5 ला −4x + 4y = 0 आणि 3x − 3y = 0, दिशा (1, 1). λ = −2 ला 3x + 4y = 0, दोन्ही ओळींत तेच, दिशा (4, −3). खाली पडताळा होता: (4, −3) चा (−8, 6) होतो.

त्या (−8, 6) भोवती तिने गोल केला होता आणि शेजारी बाण काढून विचारलं होतं, "मामा, हा तर उलटा फिरला. तरी आयगेनव्हेक्टरच ना?" मी उत्तर टाइप करत होतो, तेवढ्यात तिचाच पुढचा मेसेज आला: "कळलं. रेषा तीच आहे."